कॉलेजची रँडम बैठक व्यवस्थेची सूचना आली आहे, पण माझी जागा सापडत नाही

सायली_टीवाय
सोमवार, संध्या. 7:40

मी तृतीय वर्ष बी. कॉम. ला आहे. सत्रान्त परीक्षा पुढच्या सोमवारपासून सुरू होतेय. कॉलेजच्या परीक्षा विभागाने ही सूचना लावली आहे, जशी आहे तशी टाईप करून देते:

> सर्व द्वितीय व तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, या सत्रापासून हजेरी क्रमांकानुसार होणारी बैठक व्यवस्था बंद करण्यात येत आहे. प्रत्येक पेपरसाठी स्वतंत्रपणे रँडम पद्धतीने ब्लॉक व बाक क्रमांक नेमून देण्यात येईल. एका पेपरची जागा दुसऱ्या पेपरला ग्राह्य धरली जाणार नाही.
>
> विद्यार्थ्यांनी पेपर सुरू होण्यापूर्वी 60 मिनिटे महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर 'बैठक व्यवस्था' या पानावर आपला 16 अंकी पीआरएन टाकून जागा पाहावी. ब्लॉकनिहाय यादी मुख्य प्रवेशद्वाराजवळील फलकावर लावण्यात येईल.
>
> नेमून दिलेल्या बाकाव्यतिरिक्त अन्यत्र बसलेला विद्यार्थी आढळल्यास नियमानुसार कारवाई करण्यात येईल. सरावासाठी संकेतस्थळावरील पान आज दुपारी 12 ते 5 या वेळेत सुरू राहील.

दुपारी सरावाच्या वेळी मी पीआरएन टाकला तर `No record found` आलं. वर्गातल्या बहुतेकांना हेच आलं. माझ्या रूममेटला मात्र जागा दिसली, सी-204. आणि एका मुलाने स्वतःचा पीआरएन टाकला तर त्याला भलत्याच मुलीचं नाव आणि तिची जागा दिसली. फलकावर नमुन्याची यादी लावली होती त्यात माझं नाव आहे, बी-103, बाक 14. म्हणजे मला जागा मिळाली आहे, फक्त संकेतस्थळावर सापडत नाही.

ऑफिसमध्ये विचारलं तर म्हणाले, "एकदम सगळे बघताय म्हणून लोड आलाय, थोड्या वेळाने बघा." पाच वाजेपर्यंत बघत होते, काही फरक पडला नाही.

दुसरं म्हणजे, माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि मी दोघी बी-103 मध्येच आलोय. मग हे रँडम कसलं? परीक्षेच्या दिवशी फक्त एक तास हातात असणार आहे, त्यात असं झालं तर काय करायचं?

---

मंदार_एम
सोमवार, संध्या. 8:05

हा कॅशचा प्रकार आहे. ब्राउझर जुनं पान दाखवतो. इन्कॉग्निटोमध्ये उघड किंवा हिस्ट्री साफ कर, येईल. सगळ्या कॉलेजांच्या साईट अशाच असतात.

आणि मैत्रीण त्याच खोलीत आली म्हणजे त्यांनी रँडम केलेलंच नाही. नीट रँडम केलं असतं तर ओळखीचे दोघं एका खोलीत येऊच शकत नाहीत. एक्सेलमध्ये `RAND()` लावून सॉर्ट करायचं, दोन मिनिटांचं काम आहे. बहुधा आडनावानेच लावलं असणार.

---

शुभांगी काकू
सोमवार, संध्या. 8:20

अगं बाळा, अलॉटमेंट दिसत नसेल तर आधी लॉगिनमध्ये जाऊन ते फ्रीझ केलंय का बघ. माझ्या मुलाचं फार्मसीच्या दुसऱ्या फेरीला असंच झालं होतं. जागा मिळाली होती पण आम्ही वेळेत स्वीकारली नाही आणि कॉलेजला रिपोर्टिंग करायचं राहिलं. अलॉटमेंट लेटरची प्रिंट काढून ठेव, नंतर ते उघडत नाही.

---

सायली_टीवाय
सोमवार, संध्या. 8:31

काकू, ते प्रवेशाच्या फेरीचं झालं. हे परीक्षेत कुठल्या खोलीत कुठल्या बाकावर बसायचं त्याचं आहे. पण प्रिंट किंवा स्क्रीनशॉट काढून ठेवायचं लक्षात ठेवते.

मंदार, इन्कॉग्निटो, दुसरा फोन, लायब्ररीतला कॉम्प्युटर, सगळं करून झालं. आडनावाने लावलेलं नाही हे नक्की. यादीत पवारांच्या मागे आचरेकर आणि त्यामागे शेख असं आहे.

---

खडूफळा
सोमवार, रात्री 9:15

मी एका स्वायत्त महाविद्यालयात शिकवतो आणि बरीच वर्षं परीक्षा विभागाचं काम पाहतो आहे. सायली, दोन गोष्टी सांग. तुझ्या पीआरएनचा शेवटचा अंक कोणता आहे? आणि ज्या रूममेटला जागा दिसली तिचा, आणि ज्याला दुसरीचं नाव दिसलं त्या मुलाचा शेवटचा अंक कोणता? पूर्ण नंबर इथे लिहू नकोस, फक्त शेवटचा अंक.

---

सायली_टीवाय
सोमवार, रात्री 9:48

सर, माझा 7. रूममेटचा 0. त्या मुलालाही फोन करून विचारलं, त्याचाही 0! वर्गाच्या ग्रुपवर विचारलं तर ज्यांना ज्यांना काही ना काही दिसलं त्या सगळ्यांचा शेवटचा अंक 0 निघाला. तुम्हाला कसं कळलं?

---

खडूफळा
सोमवार, रात्री 10:20

कारण हे मी दोन ठिकाणी पाहिलं आहे, आणि दोन्ही ठिकाणी "लोड आलाय" हेच उत्तर मिळालं होतं.

एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले 15 अंकच सांभाळतं. त्यापुढचे अंक ते शून्य करून टाकतं. मोबाईल नंबर 10 अंकी, आधार 12 अंकी, त्यामुळे एरवी कुणाच्या हे लक्षात येत नाही. तुमचा पीआरएन 16 अंकी आहे, म्हणजे बरोबर एक अंक जास्त. समजा खरा पीआरएन 2023016400004567 आहे. विद्यापीठाकडून आलेली यादी कुणीतरी थेट एक्सेलमध्ये उघडली, तर पेशीत सुरुवातीला 2.02302E+15 असं काहीतरी दिसतं. ऑफिसातला माणूस काळजीने तो रकाना निवडतो, त्याला 'नंबर' करतो, आणि आता पूर्ण 16 अंक दिसतात: 2023016400004560. दिसायला सगळं ठीक. पण शेवटचा 7 कायमचा गेलेला असतो.

आता तीच फाईल संकेतस्थळाला जोडली. तू खरा पीआरएन टाकतेस, शेवटी 7. त्या फाईलमध्ये 7 ने संपणारा एकही पीआरएन उरलेला नाही, म्हणून `No record found`. तुझ्या पीआरएनच्या आगेमागे असलेले दहा जण, म्हणजे शेवटचा अंक सोडून बाकी सगळे अंक सारखे असलेले, त्या फाईलमध्ये एकाच नंबरचे झाले आहेत. ज्याचा अंक खरोखर 0 आहे तो शोधायला गेला की पानाला त्या दहांपैकी यादीत जो आधी आला असेल तो सापडतो. तुझ्या रूममेटच्या नशिबाने तिचंच नाव वर असावं. त्या मुलाच्या बाबतीत ती दुसरी मुलगी वर होती. म्हणून तुझ्या रूममेटलाही सांग, तिने फलकावरच्या यादीत आपलं नाव सी-204 मध्ये आहे ना हे डोळ्यांनी पाहावं. संकेतस्थळावर जागा दिसली म्हणजे ती आपलीच असेल असं या फाईलवरून म्हणता येत नाही.

फलकावरची यादी ठीक आहे, कारण ती बहुतेक परीक्षा बैठक क्रमांकावरून आणि नावावरून निघाली आहे. बैठक क्रमांक लहान असतो, त्याला हा धोका नाही.

उद्या सकाळी ऑफिसमध्ये गेलीस की लोडचं काही बोलू नकोस. एवढंच म्हण, "सर, अपलोड केलेल्या फाईलमध्ये सगळ्यांच्या पीआरएनचा शेवटचा अंक 0 झालाय का, तेवढं बघता का?" फाईल उघडली की त्यांना अर्ध्या मिनिटात दिसेल. आणि हेही सांग, की त्याच फाईलमध्ये रकाना 'टेक्स्ट' करून उपयोग नाही. गेलेला अंक परत येत नाही. विद्यापीठाची मूळ यादी पुन्हा घ्यावी लागेल आणि आत घेतानाच तो रकाना टेक्स्ट म्हणून घ्यावा लागेल.

---

मंदार_एम
सोमवार, रात्री 10:41

हे मला खरंच माहीत नव्हतं. आत्ता करून बघितलं, 16 अंकी नंबर टाकला आणि शेवटचा अंक 0 झाला. कॅशचं मी म्हणालो ते या ठिकाणी चुकलं. पण पीडीएफ यादीला ते लागू होतं ना? सुधारित यादी टाकली तरी फोनमध्ये जुनीच उघडते हे मी अनुभवलंय.

रँडमच्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. मैत्रिणी एका खोलीत आल्या म्हणजे काहीतरी गडबड आहे.

---

आकडेमोड
सोमवार, रात्री 11:10

मी संख्याशास्त्र शिकवते. मंदार, तुम्ही म्हणताय ते रँडमच्या उलट आहे. पत्ते नीट पिसले तरी कधीतरी दोन एक्के शेजारी येतातच. ते कधीच शेजारी येऊ नयेत असं हवं असेल तर मुद्दाम वेगळे करावे लागतील, आणि मग ते रँडम राहत नाही.

सायलीच्या कॉलेजचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून सोपे धरते. समजा तिच्या पेपरला 180 जण आहेत आणि ते दहा खोल्यांत प्रत्येकी 18 असे बसलेत. सायलीची जागा ठरली की उरलेल्या 179 जागांपैकी 17 तिच्याच खोलीत आहेत. म्हणजे एका ठराविक मैत्रिणीला तीच खोली मिळण्याची शक्यता साडेनऊ टक्के, दहा पेपरांत सुमारे एकदा. सहा पेपर असतील तर निदान एकदा तरी दोघी एका खोलीत येण्याची शक्यता 45 टक्क्यांच्या आसपास जाते. त्यात विशेष काही नाही.

परीक्षेच्या दृष्टीने खोली महत्त्वाची नाही, लगेच पुढचा-मागचा बाक महत्त्वाचा. एका रांगेत सहा बाक आणि खोलीत या पेपरच्या तीन रांगा धरल्या तर पुढे-मागे अशा 15 जोड्या, दहा खोल्यांत 150. आणि 180 जणांतून होणाऱ्या एकूण जोड्या 16,110. म्हणजे ठराविक मैत्रीण लगेच पुढे किंवा मागे येण्याची शक्यता एका टक्क्याहूनही थोडी कमी. हजेरी क्रमांकाने बसवलं की शेजारच्या क्रमांकाची मैत्रीण दर पेपरला, दर सत्रात तिथेच असते. फरक इथे पडतो.

---

सायली_टीवाय
सोमवार, रात्री 11:25

आता समजलं. आणि आम्ही दोघी तशाही लांब आहोत, तिचा बाक 27 आहे. पण मॅडम, तुम्ही खोलीत 18 का धरलेत? आमच्या खोलीत 30 बाक आहेत.

---

खडूफळा
मंगळवार, सकाळी 6:50

मॅडमनी बरोबर धरलं आहे. खोलीत पाच रांगा, प्रत्येकी सहा बाक, एका बाकावर एक जण, असे 30. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या रांगेत एक पेपर, दुसऱ्या आणि चौथ्या रांगेत दुसरा. म्हणजे 18 आणि 12. तुमच्याकडे 180 बी. कॉम. चे आणि 120 बी. एस्सी. चे असतील तर दहा खोल्या बरोबर भरतात. दोन्हीकडे 150-150 असतील तर अर्ध्या खोल्यांत 18-12 आणि अर्ध्यांत 12-18 करतो.

म्हणून "रँडम" हा शब्द सूचनेत असला तरी सगळं काही रँडम नसतं. कुठल्या रांगेत कुठला पेपर हे आधी ठरलेलं असतं. त्या चौकटीत कोण कुठे बसेल एवढंच पिसलेलं असतं. आणि खरं काम चौकटच करते. डाव्या-उजव्या बाजूला वेगळा पेपर आहे, म्हणून बघून उपयोग नाही. पिसण्याने फक्त पुढचा-मागचा सहसा ओळखीचा नसतो.

इथे मला एक खंत आहे. रांगेने लावलं की पुढे-मागे तोच पेपर राहतो. बुद्धिबळाच्या पटासारखं लावलं, 15 आणि 15, तर चारही बाजूंना वेगळा पेपर येतो आणि तोच पेपर फक्त तिरक्या कोपऱ्यात उरतो. हे जास्त चांगलं आहे. पण कनिष्ठ पर्यवेक्षक एकटा असतो, त्याला एक सोडून एक बाकावर वेगळी प्रश्नपत्रिका द्यायची असते, आणि पहिल्या पाच मिनिटांत चुकीची प्रश्नपत्रिका हातात पडण्याचे प्रकार वाढतात. रांगेने वाटणं त्याला सोपं जातं. आमच्याकडे दोन्ही करून बघितलं आणि शेवटी रांगेवर आलो. मला ते पूर्ण पटलेलं नाही.

आणि सगळ्या शाखांना एकच पेपर असतो तेव्हा चौकटीचा काहीच उपयोग होत नाही, शेजारी तोच पेपर असतो. तिथे रँडमवर भिस्त ठेवून चालत नाही. प्रश्नपत्रिकेचे वेगवेगळे संच हवेत.

मंदार, पीडीएफबद्दल तुमचं बरोबर आहे. आम्ही प्रत्येक यादीच्या तळाशी ती कधी काढली याची तारीख आणि वेळ छापतो. फलकावरची वेळ आणि फोनमधली वेळ जुळली नाही तर फोनमधली यादी जुनी आहे असं समजायचं.

---

अनुजा_लातूर
मंगळवार, सकाळी 8:15

थोडं वेगळं विचारते. माझ्या धाकट्या बहिणीला कमी दिसतं, ती लेखनिक घेऊन पेपर देते. तिच्या कॉलेजातही या वर्षीपासून रँडम केलंय. पहिल्या पेपरला तिला दुसऱ्या मजल्यावर 30 जणांच्या खोलीत टाकलं. लेखनिक प्रश्न वाचून दाखवणार कसा? बाकीचे ओरडायला लागले. तिला मध्येच उठवून दुसरीकडे नेलं, त्यात 20 मिनिटं गेली. बाबांनी तक्रार केली तर म्हणाले, "संगणकाने जागा दिली आहे, आम्ही बदलू शकत नाही."

---

खडूफळा
मंगळवार, सकाळी 9:05

अनुजाताई, हे ऐकून फार वाईट वाटलं. संगणकाने दिली हे उत्तरच नाही. संगणकाला कुणाला वगळायचं हे माणसाने सांगायचं असतं. लेखनिक घेणारे विद्यार्थी यादी पिसण्याआधी बाहेर काढायचे आणि त्यांना तळमजल्यावर वेगळी खोली द्यायची. ती खोली सगळ्या पेपरांना एकच ठेवायची. दर पेपरला जागा बदलण्याचं त्यांच्या बाबतीत काही कारणच नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर तासाला किमान 20 मिनिटं जास्त मिळतात. अडीच तासांच्या पेपरला 50 मिनिटं होतात. सकाळच्या आणि दुपारच्या सत्रात तासाभराचंच अंतर असेल आणि तीच खोली दुपारी रँडममध्ये भरली असेल, तर दुपारची मुलं दाराशी येऊन उभी राहतात आणि हिच्यावर घाई होते. म्हणून ती खोली दुपारच्या वाटपातूनही वगळायला सांगा.

प्राचार्यांच्या नावाने आजच लेखी अर्ज द्या. त्यात उरलेल्या सगळ्या पेपरांच्या तारखा लिहा आणि "सर्व पेपरांसाठी तळमजल्यावर एकच स्वतंत्र खोली" असे शब्द वापरा. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या. पहिल्या पेपरला गेलेल्या 20 मिनिटांचं काय करायचं हेही त्यातच विचारा. वरिष्ठ पर्यवेक्षकाच्या अहवालात त्या दिवशीची नोंद असायला हवी.

---

अनुजा_लातूर
मंगळवार, सकाळी 9:20

आभारी आहे सर. बाबा आजच जातील.

---

मंदार_एम
मंगळवार, दुपारी 1:10

शून्याचा मुद्दा कळला, शक्यतेचाही कळला. पण `RAND()` ने सॉर्ट करण्यात काय वाईट आहे? आमच्या ऑफिसात लकी ड्रॉ असाच काढतो.

---

आकडेमोड
मंगळवार, दुपारी 2:00

लकी ड्रॉ एकदा काढून विसरता येतो. इथे तीच यादी चार ठिकाणी जाते: फलकावर, संकेतस्थळावर, खोलीतल्या हजेरीपत्रकावर आणि प्रश्नपत्रिकांच्या पाकिटांवर. `RAND()` दर वेळी शीटमध्ये काही बदललं की नवे आकडे काढतं. सकाळी फलकासाठी यादी छापली, दुपारी एक उशिरा आलेलं नाव घालून पुन्हा सॉर्ट केलं आणि संकेतस्थळावर चढवली, तर एका नावासाठी सगळ्या जागा बदलल्या. जुना क्रम परत आणायचा कुठला मार्ग राहत नाही. करायचंच असेल तर आकडे काढल्याबरोबर ते 'व्हॅल्यू' म्हणून चिकटवायचे आणि ती फाईल बंद करून ठेवायची.

---

मंदार_एम
मंगळवार, दुपारी 2:25

मग पायथॉनमध्ये करा की. बीज, म्हणजे पिसण्याची सुरुवात ठरवणारा आकडा किंवा मजकूर, दिलं की तोच क्रम कधीही परत काढता येतो.

```python
import random
prn = sorted(prn)
r = random.Random("2025-11-10-AM")
r.shuffle(prn)
```

तारीख आणि सत्र हेच बीज. लक्षात ठेवायलाही सोपं.

---

आकडेमोड
मंगळवार, दुपारी 3:05

आधी `sorted` केलंत ते फार बरं केलंत, नाहीतर मूळ यादीचा क्रम बदलला की बीज तेच असूनही निकाल वेगळा येतो. पीआरएन मजकूर म्हणून घेतलात तर शून्याचा घोटाळाही होणार नाही.

पण बीज तारीख नको. वर्गाची यादी सगळ्यांकडे असते, वेळापत्रक सगळ्यांकडे असतं. कॉम्प्युटरच्या एखाद्या मुलाला पद्धत कळली तर तो महिनाभर आधी सगळ्या पेपरांच्या जागा काढून बसेल. बीज यादी कायम झाल्यावर काढायचं, अंदाज न येणारं काढायचं, दोघांच्या सहीने लिहून पाकिटात ठेवायचं. परीक्षेनंतर कुणी म्हणालं की अमक्याला मुद्दाम मागे बसवलं, तर पाकीट उघडून त्याच्यासमोर यादी पुन्हा काढून दाखवता येते.

---

खडूफळा
मंगळवार, दुपारी 4:30

पाकिटाची कल्पना मला आवडली, आमच्या परीक्षा समितीपुढे ठेवतो.

---

निनाद_ना
मंगळवार, संध्या. 6:10

माझा प्रश्न साधा आहे. एक तास आधीच का? आदल्या रात्री जागा सांगितली तर काय बिघडतं? मी रोज बदलापूरहून लोकलने येतो. कॉलेजच्या दोन इमारती रस्त्याच्या दोन बाजूंना आहेत. गाडीत नेटवर्क नसतं, उतरेपर्यंत वीस मिनिटं उरतात, त्यात फलकासमोर दोनशे मुलं. मागच्या सत्रात मी चुकीच्या इमारतीत गेलो आणि घाईत एका रिकाम्या बाकावर बसलो. ब्लॉक क्रमांक तोच होता, फक्त इमारत वेगळी. पेपर लिहिला आणि निकालात 'अनुपस्थित' आलं.

---

खडूफळा
मंगळवार, संध्या. 7:00

निनाद, तुमच्या बाबतीत काय झालं असेल ते सांगतो. प्रत्येक ब्लॉकच्या हजेरीपत्रकावर त्या ब्लॉकच्याच मुलांची नावं छापलेली असतात. तिथे विद्यार्थी सही करतो आणि उत्तरपत्रिकेचा क्रमांक लिहितो. तुमचं नाव ज्या पत्रकावर होतं तिथे जागा रिकामी, म्हणून पर्यवेक्षकाने अनुपस्थित लिहिलं. तुम्ही बसलात तिथे तुमचं नावच नव्हतं. पर्यवेक्षकाने कोऱ्या पत्रकावर जादा विद्यार्थी म्हणून नोंद करायला हवी होती. तुमची सही घेतली होती का?

---

निनाद_ना
मंगळवार, संध्या. 7:12

एका कोऱ्या कागदावर घेतली होती. तो कागद सापडला तेव्हा तीन आठवड्यांनी निकाल दुरुस्त झाला.

---

खडूफळा
मंगळवार, संध्या. 7:40

तो कागद होता म्हणून सुटलात. सगळ्यांसाठी लिहितो: बाकावर बसल्यावर हजेरीपत्रक समोर आलं आणि त्यावर आपलं नाव छापलेलं नसेल, तर तिथल्या तिथे हात वर करा. पहिल्या दहा मिनिटांत योग्य खोलीत पोचवता येतं. पेपर संपल्यावर सांगितलं तर पुढचे तीन आठवडे जातात.

आदल्या रात्रीबद्दल: जागा आधी कळली की काही जण संध्याकाळी येऊन बाकावर, भिंतीवर लिहून जातात. आम्ही हे पकडलं आहे. म्हणून उशिरा सांगायचं.

---

निनाद_ना
मंगळवार, संध्या. 7:58

सर, मग रात्री खोल्यांना कुलूप लावा. बाकावर लिहिणारे पाच, आणि धावपळ आम्ही हजार जणांनी करायची हे बरोबर नाही. निदान इमारत आणि मजला आदल्या रात्री सांगा, बाक क्रमांक सकाळी सांगा.

---

आकडेमोड
मंगळवार, रात्री 8:20

निनादचं म्हणणं मला पटतं. इमारत कळल्याने कुणाला बाकावर लिहिता येत नाही.

---

खडूफळा
मंगळवार, रात्री 8:45

इमारत सांगितली की दोनशे बाकांतला कुठला ते कळत नाही हे खरं. पण खोल्या कुलपात ठेवणं आमच्याकडे शक्य होत नाही, संध्याकाळी तिथेच दुसरे वर्ग भरतात. इमारत आदल्या दिवशी सांगण्याला माझा विरोध नाही. मजल्याबद्दल मला अजून शंका आहे, एका मजल्यावर कधी कधी तीनच खोल्या असतात.

---

सायली_टीवाय
बुधवार, दुपारी 3:30

आज आम्ही चौघी परीक्षा विभागात गेलो होतो. खडूफळा सरांनी सांगितलं तेवढंच एक वाक्य बोललो. मॅडमनी लगेच फाईल उघडली आणि खरंच सगळे पीआरएन शून्याने संपत होते. त्यांनी विद्यापीठाची मूळ यादी काढली, दोन तासांनी पान पुन्हा सुरू केलं. आता माझा 7 चा पीआरएन टाकला की बी-103, बाक 14 येतं, फलकाशी जुळतं. रूममेटची सी-204 ही खरंच तिचीच निघाली. त्या मुलाची जागा ए-006 आहे, तो आनंदाने दुसऱ्या मुलीच्या बाकावर जाऊन बसला असता.

आणखी एक बदल केला आहे. आता पीआरएनबरोबर जन्मतारीखही टाकावी लागते. आम्हीच म्हणालो, की नुसत्या पीआरएनवर कुणीही कुठल्या मुलीचा पेपर कधी आणि कुठल्या खोलीत आहे हे पाहू शकतो, ते आम्हाला नको.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. वर्गातल्या एकाचा दुसऱ्या वर्षाचा एक विषय राहिला आहे. त्याला सोमवारी सकाळी 11 ला आमचा पेपर आहे आणि दुपारी 3 ला राहिलेला. पान उघडलं की त्याला फक्त दुपारची जागा दिसते, सकाळची दिसतच नाही. मॅडम म्हणाल्या "बघते".

---

खडूफळा
बुधवार, संध्या. 5:15

छान काम केलंत. मॅडमनीही लगेच दुरुस्त केलं, त्यांचंही कौतुक.

त्या मुलाचं असं झालं असणार, की पान एका पीआरएनला एकच जागा धरून ठेवतं. दुसरा पेपर चढवला की पहिला पुसला जातो. शोध पीआरएन आणि विषय संकेतांक या दोन्हींवर व्हायला हवा. मॅडमना "राहिलेला विषय असणाऱ्या सगळ्यांना एकच जागा दिसते आहे का" असं विचारा, तो एकटा नसणार. दुरुस्त होईपर्यंत त्याने संकेतस्थळावर अवलंबून राहू नये. सोमवारी सकाळी 10 ला फलकावर तृतीय वर्षाच्या यादीत नाव पाहावं, दुपारी 2 ला द्वितीय वर्षाच्या यादीत पाहावं, आणि दोन्ही विषय छापलेलं हॉल तिकीट जवळ ठेवावं.

---

सायली_टीवाय
बुधवार, संध्या. 5:40

त्याला कळवलं. त्याच्या हॉल तिकिटावर एकच विषय छापलेला आहे असं तो म्हणतोय. उद्या त्याला घेऊन पुन्हा जाते.